बरणीचा फोटो, एफ सोळा आणि शब्दांतला कॅमेरा

हल्ली कुठेही डोकावलं की कोणीतरी संगणकाला वाक्य लिहून चित्र काढून घेत असतं. त्या वाक्यांत एक शेपूट मात्र हमखास असतं. "८५ एमएम, एफ १.८, बोके, एट के." वस्तू काहीही असो, साबण, चप्पल, नाहीतर लोणच्याची बरणी, शेपूट तेच. देवळात गेल्यावर तीर्थाचा शिंतोडा उडवून घ्यावा तसं. अर्थ फारसा कोणी विचारत नाही. अपेक्षा एवढीच, की चित्र "जाहिरातीतल्या फोटोसारखं" दिसावं.

गंमत अशी की जाहिरातीत वस्तूंचे फोटो काढणाऱ्या माणसांनी गेल्या शंभर वर्षांत जे केलं, ते या शेपटाच्या जवळजवळ उलटं आहे. कॅमेऱ्याचा कोन, भिंगाची लांबी आणि डेप्थ ऑफ फील्ड (म्हणजे चित्रात पुढेमागे किती खोलीपर्यंत वस्तू रेखीव दिसते ते) या तीन गोष्टी शब्दांत सांगायची वेळ कशी आली, आणि सांगताना नेमकं काय हरवलं, हा इतिहास मला मोठा मजेशीर वाटतो. म्हणून हा लेख. थोडं गणित आहे, पण भाजीच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

सुरुवात कॉलरपासून करू. १९२२ साली पॉल आउटरब्रिज नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने आयडी कंपनीच्या शर्टाच्या सुट्या कॉलरचा एक फोटो काढला. तो 'व्हॅनिटी फेअर' मासिकात जाहिरात म्हणून छापून आला. बुद्धिबळाच्या पटासारखी काळीपांढरी चौकटी आणि तिच्यावर एक पांढरी कॉलर, बस्स. माणूस नाही, गळा नाही, टाय नाही. कॅमेरा वरून, तिरका. त्या कोनामुळे कॉलरची वळलेली कड चौकटींच्या सरळ रेघांवर उठून दिसते. समोरून, टेबलाच्या उंचीवरून काढला असता तर कॉलर म्हणजे एक पांढरी पट्टी दिसली असती आणि पट म्हणजे एक करडी रेघ. इथे विक्री केलीय ती कोनाने.

त्याच सुमाराला एडवर्ड स्टायकेन फ्रान्समध्ये आपल्या बागेतली पेअर आणि सफरचंदं घेऊन बसला होता. त्याला फळांची गोलाई, त्यांचा भरीवपणा कागदावर आणायचा होता. त्यासाठी त्याने ब्लँकेटांचा तंबू करून आत अगदी थोडा उजेड येऊ दिला, भिंगाचं छिद्र जमेल तितकं बारीक केलं आणि एका फोटोसाठी ३६ तास कॅमेरा उघडा ठेवला. छत्तीस तास! दिवसा ऊन, रात्री गारवा, त्यात फळं आणि कॅमेरा दोन्ही कणभर फुगणार आणि आकसणार. पुढे १९२३ मध्ये हाच स्टायकेन काँडे नास्ट प्रकाशनाकडे आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीकडे काम करू लागला. म्हणजे जाहिरातीच्या फोटोग्राफीत जो माणूस मोठा झाला, त्याची आधीची तालीम छिद्र बारीक करण्याची होती, मोठं करण्याची नव्हे.

छिद्र बारीक का करावं लागतं, ते एका बरणीवर बघू. नेहमीची काचेची बरणी, १२ सेंटीमीटर उंच, ८ सेंटीमीटर व्यासाची. आजचा फुल फ्रेम कॅमेरा घेतला तर त्याच्या आतला सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटरचा. बरणी चित्राच्या उंचीचा पाऊण भाग व्यापेल अशी बसवली, तर सेन्सरवर तिची प्रतिमा १८ मिलीमीटर उंच पडते. म्हणजे खऱ्या बरणीच्या ०.१५ पट. जवळच्या वस्तूंसाठी डेप्थ ऑफ फील्डचा हिशेब सोपा असतो:

```
DOF = 2 × N × c × (1 + m) / m²
```

इथे N म्हणजे एफ नंबर, m म्हणजे आपलं ०.१५, आणि c म्हणजे डोळ्याला अजून ठिपकाच वाटेल एवढा धूसरपणा. फुल फ्रेमसाठी तो साधारण ०.०३ मिलीमीटर धरतात. एफ १.८ घालून बघा, उत्तर येतं साडेपाच मिलीमीटर. एफ १६ घातला तर येतं ४९ मिलीमीटर, म्हणजे जेमतेम पाच सेंटीमीटर.

आता बरणीकडे बघा. तिची पुढची फुगीर बाजू आपल्या सगळ्यात जवळ. तिथून डावी-उजवीकडच्या कडांपर्यंत आपली नजर चार सेंटीमीटर मागे जाते (व्यासाचा अर्धा). त्यापलीकडचं आपल्याला दिसतच नाही. म्हणजे दिसणारी सगळी बरणी रेखीव यायची असेल तर निदान चार सेंटीमीटर खोली हवी. एफ १६ ला ती मिळते, थोडी उरतेसुद्धा. एफ १.८ ला साडेपाच मिलीमीटर! त्यात लेबलवरची मधली दोन-चार अक्षरं वाचता येतील आणि बाकीचं नाव धुक्यात. पैसे देऊन फोटो काढून घेणारा दुकानदार असा फोटो बघून काय म्हणेल ते लिहायला नको.

बरं, मग आणखी बारीक छिद्र करावं, एफ २२, एफ ३२? तिथे प्रकाशच आडवा येतो. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. फुल फ्रेमवर एफ १६ पर्यंत हा पसरट ठिपका आपल्या ०.०३ मिलीमीटरच्या आत राहतो, एफ २२ ला तो बाहेर पडायला लागतो. म्हणून या कामात बरेच जण एफ ११ ते एफ १६ च्या आसपास थांबतात, आणि खोली कमीच पडली तर फोकस थोडा थोडा मागे सरकवत अनेक फोटो काढून संगणकावर एकत्र जोडतात.

या हिशेबात एक गोष्ट ध्यानात आली का? सूत्रात भिंगाची लांबी कुठेच नाही. बरणी चित्रात तेवढीच मोठी ठेवली तर ५० एमएम असो की १०० एमएम, बरणीवरची रेखीव खोली जवळपास तीच. मग भिंग लांब घ्यायचं कशाला? ते पुढे सांगतो. आधी जुन्या लोकांची कथा पुरी करू.

आउटरब्रिज, स्टायकेन आणि त्यांच्यानंतरच्या चार-पाच दशकांतले जाहिरातवाले फोटोग्राफर काम करायचे ते भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांवर. फिल्म चार बाय पाच इंच, पुष्कळदा आठ बाय दहा. आठ बाय दहावर आपली १२ सेंटीमीटरची बरणी पाऊण फ्रेम भरून घेतली तर फिल्मवर ती १५ सेंटीमीटरची होते. बरणीपेक्षा बरणीचा फोटो मोठा, आणि तोही छापायच्या आधीच! अशा वेळी एफ ६४ लावूनसुद्धा रेखीव खोली सुमारे साडेचार सेंटीमीटरच मिळते. शिवाय एवढं जवळ यायचं म्हणजे भाता लांब ओढावा लागतो आणि प्रकाश पाचपट जास्त लागतो. जुन्या स्टुडिओंचे फोटो बघितलेत तर तिथे दिव्यांचं जंगल दिसतं. एवढ्याशा वस्तूला एवढे दिवे कशाला, त्याचं उत्तर या एफ ६४ मध्ये आहे.

या कॅमेऱ्यांकडे आणखी एक अस्त्र होतं. पुढचं भिंग आणि मागची फिल्म स्वतंत्रपणे कलवता आणि सरकवता यायची. ऑस्ट्रियन लष्करातला अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग याने १९०४ मध्ये याच्या भूमितीचं पेटंट घेतलं. त्याला साबण विकायचे नव्हते, आकाशातून तिरके काढलेले फोटो सरळ करून नकाशे बनवायचे होते. भिंगाची पातळी, फिल्मची पातळी आणि फोकसची पातळी एकाच रेषेत भेटतात, हे ते तत्त्व. म्हणजे भिंग थोडं कलवलं की फोकसची पातळीही कलते, आणि ताटभर पसरलेला फराळ पुढच्या चकलीपासून मागच्या करंजीपर्यंत रेखीव येतो. (उदाहरण माझं. शाइमफ्लुगला चकली माहीत असण्याचं कारण नाही.) पण कलली तरी ती पातळीच. बरणी तर आपल्याकडे फुगून येते, सपाट नसते. म्हणून एकट्या बरणीला याचा फायदा थोडाच. तिथे शेवटी छिद्रच बारीक करावं लागतं.

सरकवण्याचा उपयोग मात्र बरणीलाही होतो. कॅमेरा वर धरून खाली वाकवला की बरणीच्या उभ्या कडा खालच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात, बरणी बुडाशी निमुळती दिसते. फिल्म उभीच ठेवून नुसतं भिंग खाली सरकवलं की झाकणही दिसतं आणि कडाही समांतर राहतात. जुन्या जाहिरातींतली वस्तू कशी "उभी" वाटते ना? ती बहुतेक वेळा अशी उभी केलेली असते.

आता वर्णनाचा भाग. त्या काळी जाहिरात कंपनीतला आर्ट डायरेक्टर फोटोग्राफरला सांगायचा कसा? शब्दांत फारसं नाहीच. तो पानाचा आराखडा काढून द्यायचा: इथे मथळा, इथे मजकूर, इथे बरणी. फोटोग्राफर तो आराखडा पारदर्शक कागदावर उतरवून कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चिकटवायचा आणि काचेवर पडणारी (उलटी!) प्रतिमा त्या रेघांत बसेपर्यंत कॅमेरा हलवत राहायचा. कोन किती अंश आणि भिंग किती एमएम, हे कोणी लिहून दिलेलं नसायचं. ते रेघा जुळवता जुळवता ठरायचं. आकडे म्हणजे कामाचा शेवट होता, सुरुवात नव्हे.

आकडे सुरुवातीला आले ते संगणकामुळे. संगणकाच्या आत बरणी घडवून तिचं चित्र काढायचं तर कॅमेरा कुठे आहे, तो कुठे बघतोय, त्याचा आवाका किती अंशांचा, हे आधी लिहूनच द्यावं लागतं. पण सुरुवातीच्या या चित्रांतला कॅमेरा म्हणजे सुईच्या टोकाएवढं छिद्र असायचं. त्यात पुढचं, मागचं, सगळं सारखंच रेखीव. स्टायकेनने छत्तीस तास घालवून जे मिळवलं ते इथे फुकट! आणि नेमकं त्यामुळेच ती चित्रं खोटी वाटायची.

मग १९८१ मध्ये पोटमेसिल आणि चक्रवर्ती या दोघांनी भिंग आणि छिद्र असलेल्या कॅमेऱ्याचं गणित मांडलं. त्यांनी आधी सगळं रेखीव चित्र काढून मग प्रत्येक ठिपका त्याच्या अंतराप्रमाणे धूसर केला. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी ते जास्त प्रामाणिकपणे केलं. किरण एकाच बिंदूतून न सोडता भिंगाच्या सगळ्या तबकडीवरून विखरून सोडले. फोकसच्या अंतरावरच्या वस्तूवर ते सगळे एकत्र येतात, बाकी ठिकाणी फाकतात. धूसरपणा वेगळा फासायला नको, तो आपोआप होतो. शंभर वर्षं फोटोग्राफर धूसरपणा घालवायला झटले आणि इकडे विद्वान मंडळी तो परत आणायला. असो.

वस्तूंच्या फोटोंत हे गणित खऱ्या अर्थाने बाजारात आलं ते आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीमुळे. त्यांच्या कॅटलॉगसाठी आख्खी स्वयंपाकघरं बांधून फोटो काढावे लागत. अमेरिकेला एक, जपानला वेगळं, जर्मनीला तिसरं, कारण प्रत्येक ठिकाणची उपकरणं आणि राहणी वेगळी. २००६ मध्ये बर्टिल नावाची एक साधी लाकडी खुर्ची त्यांनी पूर्ण संगणकात घडवून फोटो म्हणून छापली. २०१४ पर्यंत त्यांच्या नुसत्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के चित्रं अशी झाली होती. मला आवडलेली गोष्ट पुढची आहे. चित्रं नीट येईनात, तेव्हा त्यांनी फोटोग्राफरांना संगणकावर घडवायला शिकवलं आणि संगणकवाल्यांना खरी फोटोग्राफी. दोघांनाही. त्यानंतर दर्जा वाढला. कारण संगणकात १०० एमएम आणि एफ १६ असं लिहिता येतं, पण ते का लिहायचं हे ज्याने खरी खुर्ची खऱ्या उजेडात ठेवून पाहिलीय त्यालाच कळतं.

तिसरा टप्पा सध्याचा. २०२१ मध्ये चारशे दशलक्ष चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवलेलं क्लिप हे मॉडेल आलं, आणि २०२२ मध्ये वाक्यावरून चित्र काढणारी साधनं सगळ्यांच्या हातात आली. इथे फरक मुळापासून आहे. आयकियाच्या संगणकात एफ १६ म्हणजे एक आकडा होता, त्यावर गणित चालायचं. या नव्या यंत्रात कॅमेराच नाही. भिंग नाही, छिद्र नाही, अंतरही नाही. "८५ एमएम, एफ १.८" हे त्याच्यासाठी फक्त शब्द आहेत, आणि ते शब्द जालावरच्या ज्या चित्रांसोबत पुन्हा पुन्हा दिसले त्या चित्रांचा वास त्यांना लागलेला आहे.

तो वास कुठला असणार? फोटोखाली भिंग आणि एफ नंबर कोण लिहितं याचा विचार करा. हौशी फोटोग्राफर लिहितात, आपल्या ब्लॉगवर, फोटो वाटण्याच्या साइटवर. आणि ८५ एमएम एफ १.८ चा फोटो म्हणजे कोणाचा तरी चेहरा, मागे दिव्यांचे गोल गोल ठिपके. दुकानाच्या पानावर बरणीचा फोटो असतो तेव्हा त्याखाली "आंबा लोणचं, ४०० ग्रॅम" एवढंच असतं. एफ १६ होता हे तिथे कोणी लिहीत नाही. म्हणजे जी माणसं आकडे लिहितात ती बरण्यांचे फोटो काढत नाहीत, आणि जी बरण्यांचे फोटो काढतात ती आकडे लिहीत नाहीत. मग आकडा लिहून बरणी मागितली की यंत्र तिला चेहऱ्यासारखं वागवतं.

आमच्या वहिनी घरी लोणची करतात आणि ओळखीत विकतात. त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी असंच एक चित्र काढलं होतं. वाक्य साधारण असं:

```
product photo of mango pickle jar, 85mm, f/1.8, bokeh, 8k
```

चित्र पाहताक्षणी छान होतं. मागे सोनेरी ठिपके, बरणी चकचकीत. जरा थांबून बघितलं की गडबड दिसू लागते. पहिली गडबड झाकणात. झाकण चांगलं गोल, उघड्या लंबवर्तुळासारखं, म्हणजे कॅमेरा बराच वर. बरणीचं बूड मात्र जवळजवळ सरळ रेघ, म्हणजे कॅमेरा अगदी समोर. एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहून बघितल्यासारखं.

ही कसोटी सगळ्यांनी खिशात ठेवावी अशी आहे. बरणीकडे वरून बघताना बूड आपल्या नजरेच्या झाकणापेक्षा जास्त खाली असतं, म्हणून बुडाची गोलाई झाकणापेक्षा नेहमी थोडी जास्त दिसते, कमी कधीच नाही. आपलीच बरणी १०० एमएमच्या भिंगाने, मध्यापासून १५ अंश वरून बघितली तर कॅमेरा सुमारे ७७ सेंटीमीटरवर येतो. तिथून झाकणाची उंची त्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाहून जराशी कमी दिसते आणि बुडाची गोलाई साधारण एक तृतीयांश. हातात कुठलीही बरणी घेऊन बघा, पटेल.

आणि इथेच लांब भिंग का, त्याचं उत्तर येतं. तेवढाच आकार २४ एमएमच्या भिंगाने हवा असेल तर कॅमेरा १८ सेंटीमीटरवर न्यावा लागतो. कोन तोच, १५ अंश. पण एवढ्या जवळून १५ अंश म्हणजे बरणीच्या मध्यापासून जेमतेम पावणेपाच सेंटीमीटर वर. झाकण तर मध्यापासून सहा सेंटीमीटरवर आहे! म्हणजे कॅमेरा झाकणाच्या खालीच राहतो, झाकणाचा वरचा भाग दिसतच नाही. शिवाय बरणीचा पुढचा फुगवटा तिच्या मध्यापेक्षा पंचवीस-तीस टक्के मोठा येतो, लेबल पोटासारखं पुढे येतं. १०० एमएमला हा फरक पाच-साडेपाच टक्के. म्हणून वस्तूंचे फोटो काढणारे मागे सरकतात आणि लांब भिंग लावतात. काम अंतर करतं, भिंग फक्त त्या अंतरावरून चौकट भरतं. नुसतं "पंधरा अंश" सांगणं म्हणूनच अपुरं असतं, किती अंतरावरून हेही सांगावं लागतं.

दुसरी गडबड धूसरपणात. टेबल आणि बरणीचं बूड जिथे टेकतात तिथे दोन्हींचं अंतर एकच, म्हणून दोन्ही सारखीच रेखीव किंवा सारखीच धूसर हवीत. या चित्रात बूड लख्ख आणि त्याला चिकटलेलं टेबल लोण्यासारखं मऊ. खऱ्या भिंगात धूसरपणा टेबलावर हळूहळू चढत जातो, इथे तो कात्रीने कापून लावल्यासारखा होता.

मग करायचं काय? माझं मत असं की आकड्यांऐवजी आकड्यांचा परिणाम लिहावा, जुना आर्ट डायरेक्टर काढून दाखवायचा तसा:

```
glass jar of mango pickle on a plain off-white table,
seen from slightly above, lid top visible as a thin ellipse,
viewed from a distance, straight parallel sides,
whole jar and label in sharp focus,
table softening gradually behind it
```

यातही हमी नाही. पंधराच्या जागी वीस अंश लिहिले म्हणून पाच अंशांचा फरक पडेल असं या यंत्रांत समजू नये, "किंचित वरून" आणि "थेट वरून" एवढाच भेद ती बऱ्यापैकी पाळतात. काही शब्द तर उलटे फिरतात. "मॅक्रो" लिहिलं की दवाचे थेंब आणि किड्यांचे डोळे असलेल्या फोटोंचा वास येतो. कॅमेऱ्याचं किंवा भिंगाचं नाव लिहिलं की कधीकधी तो कॅमेराच बरणीशेजारी येऊन बसतो! "खालच्या कोनातून" लिहिलं की बरणी पाण्याच्या टाकीसारखी अंगावर येते. कोन, अंतर आणि रेखीवपणा नक्की हवे असतील तर आयकियाची वाट धरावी, म्हणजे बरणी संगणकात घडवून खरा आकडा द्यावा. नाहीतर सरळ फोटो काढावा.

वहिनींनी दुसरं चित्रही बघितलं. झाकण बरोबर, बूड बरोबर, टेबल बरोबर. त्या चष्मा लावून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अहो भावोजी, ह्या फोडी माझ्या नाहीतच. मी कोय ठेवून चिरते. आणि एवढं तेल मी कधी घातलं?"

या प्रश्नाला जुना दाखला आहे. अमेरिकेतल्या कॅम्पबेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या शेवटी आपल्या सूपच्या जाहिरातीसाठी वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे बुडून न जाता वर दिसतील. कॅमेरा खरा, सूप खरं, भाज्याही त्याच डब्यातल्या. तरीही तिथल्या व्यापार आयोगाने हरकत घेतली, आणि १९७० मध्ये कंपनीने असं पुन्हा न करण्याचं मान्य केलं. मुद्दा असा होता की गिऱ्हाइकाला वाडग्यात खरोखर आहेत त्यापेक्षा जास्त भाज्या आहेत असं वाटतं. शब्दांतून काढलेल्या बरणीत तर लोणचंच कोणाचं नाही, गोट्यांची गोष्टच सोडा. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि वस्तूचं खोटं वर्णन त्यात येतं. घरगुती लोणच्यामागे कोणी नोटीस घेऊन धावणार नाही हे खरं, पण वहिनींची गिऱ्हाइकं म्हणजे शेजारी आणि नातेवाईक. ती बरणी उघडून फोडी मोजतात.

शेवटी खऱ्या बरणीचा फोटो फोनवर काढला. कोणाला करायचा असेल तर कृती सांगून ठेवतो. फोनचं मुख्य भिंग फुल फ्रेमच्या भाषेत २४ ते २६ एमएमच्या आसपासचं असतं, म्हणून जवळ जाऊ नका. पाऊण मीटर मागे सरका आणि तिप्पट झूम घ्या, पर्स्पेक्टिव्ह सुधारतं. फोनचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे आख्खी बरणी आपोआप रेखीव येते, एफ सोळाची चिंता नाही. बरणी खिडकीशेजारी ठेवा, खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे अंधारी बाजू उजळते. फोन झाकणापेक्षा वीतभराहून थोडा कमी वर. मागची भिंत बरणीपासून जितकी लांब तितकी ती मऊ दिसेल. आणि फोनमधला पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तोही धूसरपणा अंदाजानेच फासतो, आणि काचेची कड कुठे संपते ते त्याला नीट कळत नाही. पहिल्या फोटोत त्याने झाकणावर बांधलेल्या फडक्याची सगळी झालर मागच्या भिंतीत विरघळवून टाकली होती.